खिळा बुडतो, जहाज तरंगतं: 'तळ रुंद म्हणून दाब कमी' हे उत्तर चूक का?

मोगरी (रविवार, सकाळी ९:४०)

मुलगी आठवीत आहे, मराठी माध्यम. बल आणि दाबाचा धडा संपल्यावर शाळेनं सरावपत्रिका दिली होती, ती काल तपासून आली. 'शास्त्रीय कारणे लिहा' मध्ये एक प्रश्न असा होता: लोखंडी खिळा पाण्यात बुडतो, परंतु लोखंडाचेच जहाज तरंगते.

तिचं उत्तर जसंच्या तसं देते. "खिळ्याचे टोक अणकुचीदार असते. त्याचे क्षेत्रफळ कमी असल्याने दाब जास्त पडतो, म्हणून तो बुडतो. जहाजाचा तळ रुंद असल्याने दाब कमी पडतो, म्हणून ते तरंगते." दोनपैकी शून्य. बाईंनी बाजूला लाल पेनानं 'प्लावक बल?' एवढंच लिहिलंय.

आता तिचं म्हणणं असं की त्याच पत्रिकेत उंटाचे पाय वाळूत का रुतत नाहीत हा प्रश्न होता. तिथं तिनं हेच लिहिलं, क्षेत्रफळ जास्त म्हणून दाब कमी, आणि तिथं दोनपैकी दोन मिळाले. मग उंटाला चालणारं कारण जहाजाला का चालत नाही? मी वाणिज्य शाखेची. मला हे तिला समजावता आलं नाही आणि खरं सांगायचं तर तिचा मुद्दा मला पटलाय.

अजून एक. अंडं साध्या पाण्यात बुडतं आणि मिठाच्या पाण्यात तरंगतं, याचं कारण तिनं "मिठामुळे अंडे हलके होते" असं लिहिलं. तिथं अर्धा गुण गेला.

बीम_कॉलम (रविवार, सकाळी १०:०५)

ताई, सोपं आहे. लोखंडाची घनता पाण्याच्या जवळजवळ आठपट, म्हणून खिळा बुडतो. जहाज पोकळ असतं, आत हवा भरलेली असते. हवा पाण्यापेक्षा कितीतरी हलकी, ती वर यायला बघते आणि जहाजाला वर उचलून धरते. दाबाचा इथं काहीही संबंध नाही. घनता हा एकच शब्द लिहिला असता तरी गुण मिळाले असते.

अबोली (रविवार, सकाळी १०:३०)

अंड्याचं मला माहीत आहे. अंडं तरंगलं की ते शिळं झालेलं असतं, खाऊ नये. आमच्याकडे आई अजून असंच तपासते. ताजं अंडं तळाशी आडवं पडतं, आठवडा-दोन आठवड्यांचं उभं राहतं आणि अगदी जुनं वर येतं. शाळेनं हे सोडून मीठ कुठून आणलं?

मोगरी (रविवार, सकाळी १०:४१)

अबोली, तो वेगळा प्रश्न आहे ग. इथं अंडं तेच आहे, पाणी बदललंय.

खडूवाला (रविवार, दुपारी १२:१५)

मी तीस वर्षं माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवलं. तुमच्या मुलीचं उत्तर मला दर वर्षी दहा-बारा वह्यांत सापडायचं. ते चूक आहे, पण त्यामागचा विचार आळशी मुलाचा नाही. आधीच्या प्रश्नात शिकलेलं कारण तिनं पुढं लावून पाहिलं. ते कुठं लागू होत नाही हे कुणीतरी तिला दाखवायला हवं होतं. नुसतं 'प्लावक बल?' लिहून ते कळत नाही.

तिला आधी एक पेन्सिल घ्यायला सांगा, चांगली टोकदार. टोक खाली धरून पाण्यात सोडा. बुडते का? आडवी होऊन तरंगते. मग एक स्टीलची सपाट झाकणी घ्या, कड नसलेली, आणि पाण्यावर अलगद सपाट ठेवा. तळ रुंद आहे, तरी खाली जाते. टोकदार वस्तू तरंगली आणि रुंद वस्तू बुडली, म्हणजे तिचं कारण दोन्हीकडून मोडलं. 'म्हणून' हा शब्द लिहिण्याआधी मुलांनी ही एक सवय लावून घ्यावी असं मला मनापासून वाटतं: माझं कारण खरं असेल तर अजून काय घडायला हवं, आणि ते घडतं का?

आता उंट. वाळू काही मर्यादेपर्यंत भार सोसते. दाब त्या मर्यादेच्या आत राहिला तर वाळू तशीच राहते आणि पाय रुतत नाही. म्हणून तिथं क्षेत्रफळ वाढवून दाब कमी करण्याला अर्थ आहे. पाण्याला अशी मर्यादाच नाही. अगदी नखाएवढा दाब दिला तरी पाणी बाजूला सरतं. त्यामुळे 'दाब कमी म्हणून पाण्यात रुतलं नाही' असं कधी होतच नाही. जहाज पाण्यात रुतलेलंच असतं, मोठं असेल तर आठ-दहा मीटर. प्रश्न एवढाच आहे की ते कुठवर रुतून थांबतं.

ते थांबतं कारण जितकं खाली जातं तितकं पाणी बाजूला सारतं, आणि सारलेल्या पाण्याच्या वजनाइतकं बल त्याला वर ढकलतं. जहाजाच्या वजनाइतकं पाणी सारून झालं की दोन्ही बलं सारखी होतात. खिळ्याला ही संधी मिळत नाही. तो पूर्ण बुडला तरी त्याच्या आकाराएवढंच पाणी सरतं, आणि त्या पाण्याचं वजन खिळ्याच्या साधारण आठव्या भागाएवढं असतं.

बीम_कॉलम, तुमचं अर्धं बरोबर आहे. पोकळी महत्त्वाची आहे. पण हवा जहाजाला उचलत नाही. समजा आतली सगळी हवा काढून घेतली आणि पत्रा चेपला नाही, तर जहाज तसंच तरंगेल, किंचित जास्तच वर येईल, कारण हवेचं वजन गेलं. हवेचं काम फक्त तिथं पाणी नसण्याचं आहे. आणि 'घनता' एवढा एकच शब्द लिहिणाऱ्याला मी एकच गुण दिला असता, कारण जहाजही लोखंडाचंच आहे, मग त्याची घनता वेगळी कशी झाली हे त्यानं सांगितलेलं नसतं.

बीम_कॉलम (रविवार, दुपारी १२:५०)

हवेबद्दल मान्य. पण दाबाचा संबंध नाही हे तर बरोबर ना?

खडूवाला (रविवार, दुपारी १:४०)

नाही, आणि इथंच गंमत आहे. दाब आहे, पण जहाजाचा पाण्यावरचा नव्हे, पाण्याचा जहाजावरचा.

घरातली वाटी घेऊन आकडे मांडतो. मी वजन ग्रॅममध्येच बोलतो, वहीत बल लिहिताना न्यूटन करायचं. समजा स्टीलची सरळ कडांची वाटी आहे, वजन ८० ग्रॅम, तळाचं क्षेत्रफळ ५० चौरस सेंटिमीटर (व्यास साधारण ८ सेंमी), उंची ४ सेंमी. पाण्यात १ सेंमी खोल गेलं की पाणी दर चौरस सेंटिमीटरला १ ग्रॅम वजनाइतकं रेटतं. दोन सेंमीला २ ग्रॅम. तळाला वर रेटणारं एकूण बल ८० ग्रॅम वजनाएवढं व्हायला दर चौरस सेंटिमीटरला १.६ ग्रॅम हवं. म्हणजे वाटी १.६ सेंमी खोल जाईल आणि थांबेल. बाजूच्या कडांवरही पाणी रेटतं, पण ते आडवं, समोरासमोरचं एकमेकांना मोडतं. वरून पाणी नाही, कारण वाटी कोरडी आहे.

आता त्याच वाटीचं स्टील ठोकून ८ सेंमी व्यासाची सपाट चकती करा. स्टीलची घनता पाण्याच्या आठपट धरली तर ८० ग्रॅम स्टीलचं आकारमान १० घन सेंमी, आणि चकतीची जाडी जेमतेम २ मिलिमीटर. तळ तेवढाच रुंद, ५० चौरस सेंटिमीटर. ती पाण्याखाली गेली की वरूनही पाणी दाबतं आणि खालूनही रेटतं. खालची बाजू वरच्यापेक्षा ०.२ सेंमीच खोल आहे, म्हणून फरक दर चौरस सेंटिमीटरला ०.२ ग्रॅम, एकूण १० ग्रॅम. वजन ८०. ती बुडणारच. आणि अजून खोल गेली तरी हा फरक १० ग्रॅमच राहतो, कारण वरचा आणि खालचा दाब सारखाच वाढत जातो.

ते १० ग्रॅम पाहा. चकतीनं सारलेलं पाणी १० घन सेंमी, त्याचं वजनही १० ग्रॅम. दाबाच्या वाटेनं गेलात काय आणि आर्किमिडीजच्या वाटेनं गेलात काय, उत्तर एकच येतं. प्लावक बल म्हणजे खालून आणि वरून पडणाऱ्या दाबांतल्या फरकाचीच बेरीज. तुमच्या मुलीनं दाब हा शब्द चुकीच्या बाजूनं धरला, पण शब्द धड्याबाहेरचा नव्हता.

मोगरी (रविवार, दुपारी २:२०)

सर, तुमचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला. तिचा लगेच प्रश्न: वाटीत वरून पाणी नाही, पण हवा तर आहे ना? हवेचा दाब वाटीच्या आतून खाली दाबतो, तो कुठं गेला?

खडूवाला (रविवार, दुपारी २:४५)

फार चांगला प्रश्न. हवा बाहेरच्या पाण्यालाही तेवढ्याच जोरानं दाबते आणि तो दाब पाण्यातून वाटीच्या तळाखाली पोचतो. आतून हवा जेवढं खाली ढकलते तेवढंच ती पाण्यामार्फत खालून वर ढकलते. उरतो फक्त पाण्याच्या खोलीचा दाब. तो १.६.

दूधगाडी (रविवार, दुपारी ४:१०)

मी सांगली भागातला. आमचं गावात दूध संकलन आहे, रोज सकाळ-संध्याकाळ हेच बघतो, म्हणून लिहितो.

सर म्हणाले तळ रुंद असायची गरज नाही, त्याचं आमच्याकडचं उदाहरण म्हणजे लॅक्टोमीटर. काचेची नळी, वर काडीसारखी बारीक, खाली फुगा, फुग्याच्या बुडाशी वजनासाठी छर्रे भरलेले. त्याला रुंद तळ कुठं आहे? तरी दुधात उभा तरंगतो. काडीवर आकडे असतात. दूध जेवढं दाट तेवढा तो कमी बुडतो. आम्ही म्हणतो दुधाला २८ डिग्री लागली, म्हणजे दूध पाण्याच्या १.०२८ पट. पाणी मिसळलं की डिग्री उतरते, लॅक्टोमीटर जास्त खाली जातो.

पण नुसत्या डिग्रीवर भरवसा ठेवता येत नाही. साय दुधापेक्षा हलकी असती. कुणी साय काढून घेतली की राहिलेलं दूध जड होतं आणि डिग्री चढते. मग त्यात मापानं पाणी घातलं की डिग्री पुन्हा जागेवर. लॅक्टोमीटर म्हणतो दूध चांगलं. म्हणून फॅट वेगळं बघावं लागतं, दोन्ही आकडे मिळून दूध कळतं. दुसरं, नुकत्याच काढलेल्या धारोष्ण दुधात लगेच सोडला तर डिग्री कमी लागती. दूध गरम असतं, त्यात फेस आणि बारीक हवा असती. चांगल्या शेतकऱ्यावर उगाच आळ येतो. थोडा वेळ थांबून, दूध हलक्या हातानं वरखाली करून मग बघायचं.

पोरीला विचारा, लॅक्टोमीटरमधले छर्रे काढून टाकले तर काय होईल? आमच्याकडं एकाचा बुडाकडून फुटून छर्रे सांडले होते, तेव्हा मला कळलं.

मोगरी (रविवार, संध्याकाळी ५:३०)

दादा, ती म्हणते आडवा पडेल, कारण बुडाशी वजन राहिलं नाही. बरोबर का?

दूधगाडी (रविवार, संध्याकाळी ५:५५)

बरोबर. आडवा पडला आणि पार वर आला. उभं राहणं हे वजन खाली असल्यामुळं, आणि किती बुडायचं हे एकूण वजनामुळं. दोन निराळ्या गोष्टी आहेत.

अबोली (रविवार, संध्याकाळी ६:२०)

सकाळी मी प्रश्न नीट वाचला नव्हता. पण आता असं वाटतं की दोन्ही अंडी एकाच हिशेबात बसतात. जुन्या अंड्यातलं पाणी कवचातून हळूहळू उडून जातं आणि त्या जागी हवा येते, म्हणजे आकार तोच आणि वजन कमी. तिथं अंडं खरंच हलकं झालं. मिठाच्या पाण्यात अंडं तेवढंच आहे, पाणी जड झालं. म्हणजे मोगरीच्या मुलीनं माझ्या अंड्याचं उत्तर त्यांच्या प्रश्नाला लिहिलं.

खडूवाला (रविवार, संध्याकाळी ७:००)

अगदी बरोबर धरलंत. मोगरीताई, तिनं 'अंडे हलके होते' ऐवजी 'मिठाच्या पाण्याची घनता अंड्याच्या घनतेपेक्षा जास्त होते, त्यामुळे तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याचे वजन अंड्यापेक्षा जास्त भरते' असं लिहावं. घरी करताना मीठ चिमूटभर पुरत नाही. ताज्या अंड्यासाठी पेलाभर पाण्यात दोन-तीन मोठे चमचे लागतं, आणि ते पूर्ण विरघळेपर्यंत ढवळावं लागतं. मीठ तळाशी साचलं तर अंडं मध्येच लोंबकळतं आणि मुलांना वाटतं प्रयोग फसला. खरं तर खालचं पाणी खारट आणि वरचं गोडं असल्याची ती खूण आहे.

नाखवा (रविवार, रात्री ९:१५)

मी रत्नागिरीचा, व्यापारी जहाजावर डेक अधिकारी आहे. सध्या सुट्टीवर घरी.

अंडं आणि मिठाचं पाणी हा आमच्याकडे हिशेबाचा विषय असतो. समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड. एक घनमीटर गोडं पाणी १००० किलो, समुद्राचं १०२५ च्या आसपास. समजा भरलेलं जहाज १०,२५० टनांचं आहे. समुद्रात ते १०,००० घनमीटर पाणी सारून तरंगतं. तेच जहाज नदीत शिरलं तर त्याला १०,२५० घनमीटर सारावं लागतं, म्हणजे २५० जास्त. पाण्याच्या रेषेपाशी जहाजाचा आडवा छेद १,५०० चौरस मीटर धरा, तर जहाज सुमारे १७ सेंटिमीटर आणखी बसतं. कोलकात्याला हुगळीतून आत जाताना ही १७ सेंटिमीटर फार मोठी असतात, कारण खाली गाळ आहे आणि नदीला भरतीवरच खोली मिळते. म्हणून जहाजाच्या बाजूवर रंगवलेल्या लोडलाइनमध्ये गोड्या पाण्याची रेघ समुद्राच्या रेघेपेक्षा वर असते. तिथवर बसायची परवानगी असते, कारण समुद्रात गेल्यावर ते आपोआप वर येणार.

आणखी एक गोष्ट मुलीला सांगा. युद्धनौकेचं वजन सांगताना नौदल 'विस्थापन' हा शब्द वापरतं. २०२२ साली नौदलात दाखल झालेल्या विक्रांतचं विस्थापन चाळीस हजार टनांहून जास्त आहे असं म्हणतात, तेव्हा ते तिनं सारलेलं पाणीच असतं. नौका तराजूवर ठेवून कुणी मोजत नाही. ती किती बसली ते पाहतात, त्या खोलीपर्यंतचं आकारमान नकाशावरून काढतात आणि पाण्याच्या घनतेनं गुणतात.

चौकस_पोर (रविवार, रात्री १०:०२)

मी डीएड करतोय. सरांना एक विचारायचं होतं. ब्लेड पाण्यावर अलगद ठेवलं तर तरंगतं. पोलादाचंच आहे, सपाट आहे, पोकळ नाही. मग रुंद तळाचं कारण तिथं खरं ठरलं की!

खडूवाला (सोमवार, सकाळी ७:३०)

ब्लेडाला पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पडद्यासारखा धरून ठेवतो. जवळून पाहिलंत तर ब्लेडाखाली पाणी वाकलेलं दिसतं आणि वरची बाजू कोरडी असते. साबणाच्या पाण्याचा एक थेंब शेजारी टाका किंवा ब्लेड बोटानं एकदा बुडवून सोडा, ते तळाला जाईल. जहाजाला साबणानं काही फरक पडत नाही. हा खेळ फक्त हलक्या आणि पातळ वस्तूंपुरता आहे. ८० ग्रॅमची चकती पृष्ठभागाला झेपत नाही. पण आठवीच्या मुलांसमोर 'पाण्यापेक्षा जास्त घनतेची भरीव वस्तू कधीच तरंगत नाही' असं ठासून सांगू नका. कुणीतरी ब्लेड घेऊन येतो.

मोगरी (सोमवार, रात्री ८:५०)

आज संध्याकाळी आम्ही दोघींनी वाटीचा प्रयोग केला. आमच्या वाटीचं वजन ७४ ग्रॅम भरलं, तळ ३८ चौरस सेंटिमीटरच्या आसपास. सरांच्या रीतीनं १.९५ सेंमी खोल जायला हवी होती. पट्टीनं मोजलं तर जेमतेम १.६ भरली. तीन वेळा केलं. काय चुकलं?

खडूवाला (सोमवार, रात्री ९:१०)

वाटीच्या कडा वर पसरट आहेत का?

मोगरी (सोमवार, रात्री ९:१४)

हो, नेहमीची वाटी आहे. वर बरीच रुंद.

खडूवाला (सोमवार, रात्री ९:४०)

मग चुकलं काहीच नाही. मी सरळ कडांची वाटी धरली होती. पसरट वाटी एकेक मिलिमीटर खाली जाताना जास्त जास्त पाणी सारते, म्हणून ७४ घन सेंमी लवकर भरतात. दाबाच्या भाषेत सांगायचं तर तिरक्या कडाही वर रेटायला थोडा हातभार लावतात. वाटीला बाहेरून पाण्याच्या रेषेपाशी खूण करा, बाहेर काढून पुसा आणि आतून त्या खुणेपर्यंत पाणी भरून ते वजन करा. पत्रा पातळ आहे, त्यामुळे ७४ च्या जवळपास, पण त्याहून थोडा कमी असा आकडा यायला हवा. पत्र्यानं व्यापलेली जागा आतून मोजली जात नाही, म्हणून तो कमी येतो.

तुमच्याकडे स्वयंपाकाचा डिजिटल काटा आहे असं दिसतंय, तर आणखी एक करा. काट्यावर पाण्याचं पातेलं ठेवून आकडा शून्य करा. एक काळा दगड दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला आणि कडेला लागू देऊ नका. आपल्याकडचा काळा पाषाण पाण्याच्या पावणेतीन-तीनपट जड असतो. ८७ ग्रॅमचा दगड असेल तर काटा ३० च्या आसपास दाखवेल. पाणी दगडाला वर जेवढं ढकलतं, तेवढंच दगड पाण्याला खाली ढकलतो, तो हा आकडा. प्लावक बल डोळ्यांनी दिसावं म्हणून मी याहून सोपी रीत पाहिलेली नाही. मग दोरा सोडा, दगड तळाला टेकला की काटा ८७ दाखवेल.

बीम_कॉलम (सोमवार, रात्री १०:२५)

या दगडावरून मला एक विचारायचं आहे. दगड तळाला टेकल्यावरही त्याच्यावर प्लावक बल असतं का? दाबांचा फरक हेच कारण असेल, तर तळाखाली पाणीच शिरलं नाही तर वर रेटणार कोण? आम्ही धरणाच्या भिंतीचा हिशेब करतो तेव्हा पायाखाली झिरपलेल्या पाण्याचा वरचा रेटा धरावाच लागतो, त्यानं भिंतीचं वजन कमी झाल्यासारखं होतं. तो कमी करायला पायात निचऱ्याची छिद्रं ठेवतात. म्हणजे पाणी खाली शिरलं तर रेटा, नाही शिरलं तर नाही. काल मी दाबाचा संबंध नाही म्हणालो होतो, आणि माझ्या रोजच्या कामात तो समोरच होता.

नाखवा (सोमवार, रात्री १०:५०)

खाडीत ओहोटीला चिखलावर बसलेली होडी भरतीला कधीकधी पाणी पुरेसं चढलं तरी उठत नाही. डावी-उजवीकडे हलवावी लागते, खाली पाणी शिरलं की एकदम सुटते.

खडूवाला (मंगळवार, सकाळी ७:१५)

दगड ओबडधोबड असतो, त्याच्याखाली पाणी असतंच, म्हणून तिथं बल पूर्ण मिळतं. पण रबरी चूषक टाकीच्या तळाला घट्ट चिकटवला तर वरचं पाणी त्याला खाली दाबूनच ठेवतं. पाठ्यपुस्तकातलं वाक्य वस्तू सर्व बाजूंनी पाण्यानं वेढलेली आहे असं गृहीत धरतं. होडीच्या बाबतीत मात्र किती भाग पाणी न शिरल्याचा आणि किती चिखलाच्या चिकटपणाचा, हे मला सांगता येणार नाही. दोन्ही असावेत.

नाखवा (मंगळवार, सकाळी ८:०५)

मला चिकटपणाच जास्त वाटतो सर. वाळूवर बसलेली होडी असा त्रास देत नाही.

बीम_कॉलम (मंगळवार, सकाळी ९:३०)

पण वाळूतून पाणी झिरपतं, चिखलातून झिरपत नाही. त्यामुळे ते उदाहरण दोन्हीकडे लागू पडतं.

मोगरी (बुधवार, संध्याकाळी ७:४५)

दगडाचा प्रयोग झाला. आमचा दगड ११२ ग्रॅमचा, लोंबकळता ठेवला तेव्हा काट्यानं ४० दाखवले, तळाला टेकल्यावर ११२. हात थरथरला की आकडा हलायचा, म्हणून दोरा लाटण्याला बांधून लाटणं दोन डब्यांवर आडवं ठेवलं.

तिनं उत्तर पुन्हा लिहिलंय. "खिळा पूर्ण बुडाला तरी तो स्वतःच्या आकारमानाएवढेच पाणी बाजूला सारतो. त्या पाण्याचे वजन खिळ्याच्या वजनापेक्षा खूप कमी असल्याने प्लावक बल कमी पडते व खिळा बुडतो. जहाज आतून पोकळ असल्याने ते थोडे बुडताच स्वतःच्या वजनाएवढे पाणी बाजूला सारते. तेव्हा पाण्याचा तळावरील वरच्या दिशेचा रेटा जहाजाच्या वजनाएवढा होतो, म्हणून ते तरंगते."

उद्या बाईंना दाखवणार आहे. 'तळावरील रेटा' हे वाक्य ठेवू की काढू, असं ती विचारतेय. मैत्रिणीच्या उत्तरात ते नाही आणि तिला दोनपैकी दोन आहेत.

खडूवाला (बुधवार, रात्री ८:२०)

ठेवू दे. फक्त 'थोडे बुडताच' ऐवजी 'काही भाग बुडताच' लिहायला सांगा. भरलेलं जहाज थोडं नाही, बरंच बुडालेलं असतं.

चौकस_पोर (बुधवार, रात्री ९:००)

सर, परीक्षेत वेळ नसतो. दोन गुणांना चार वाक्यं जास्त होतात. मी असतो तर शेवटचं वाक्य काढून टाकलं असतं.

मोगरी (बुधवार, रात्री ९:२५)

ती ऐकत नाही, ठेवायचंच म्हणते. आणि आता तिचा नवा प्रश्न: वाटीत दगड ठेवून वाटी पातेल्यात तरंगत ठेवली, मग दगड उचलून पातेल्याच्या पाण्यात सोडला, तर पातेल्यातली पातळी चढेल की उतरेल? ती म्हणते उतरेल, कारण वाटीत असताना दगड ११२ ग्रॅम पाणी सारायला लावतो आणि तळाला गेल्यावर फक्त ४०. करून पाहिलं, पण आम्हाला काही फरक दिसला नाही.

खडूवाला (बुधवार, रात्री ९:५०)

तिचं बरोबर आहे. ७२ घन सेंमीचा फरक आहे, पण तुमचं पातेलं मोठं असणार. पाण्याचा पृष्ठभाग ४०० चौरस सेंटिमीटर असेल तर पातळी २ मिलिमीटरही उतरत नाही, आणि दगड टाकताना उठलेल्या लाटेत ते हरवतं. वाटी जेमतेम मावेल असा उभा डबा घ्या, बाहेरून कागदाची पट्टी चिकटवता येईल असा पारदर्शक. त्यात तो फरक बोटभर नाही, पण अर्ध्या सेंटिमीटरहून जास्त दिसेल. आणि दगड वरून टाकू नका, दोऱ्यानं हळू सोडा.